काकूंचा केशरी: मोबाईलवरून कार्टनवर येईपर्यंत

काकूंनी पहिल्या गठ्ठ्याची दोरी कापली, एक कार्टन हातात घेतलं आणि काही न बोलता आपला मोबाईल काढून त्याच्या शेजारी ठेवला. मोबाईलवर मी दोन महिन्यांपूर्वी पाठवलेला लोगो होता, पेटत्या निखाऱ्यासारखा केशरी. शेजारचं कार्टन विटकरी दिसत होतं. "अगं, ह्यो माझा रंग न्हवं," त्या म्हणाल्या. पाच हजार कार्टन छापून, लॅमिनेट होऊन, चिकटवून शाहूपुरीतल्या त्यांच्या गाळ्यात येऊन पडले होते.

काकूंचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. दहा-बारा बायका कामाला, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीच्या दुकानांत माल जातो. नाव आणि लोगो मीच केला होता. चूक प्रेसची नव्हती, माझी होती. पुढचे पाच आठवडे मी तो रंग कागदावर आणण्यात घालवले. त्यातलं जे उपयोगी वाटलं ते लिहिते आहे, कारण हीच अडचण घेऊन अजून तिघं-चौघं माझ्याकडे आली.

आधी झालं काय ते सांगते. मी लॅपटॉपवर `#FF4D00` हा रंग निवडला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. काकूंचा फोन नवा, त्याचं स्क्रीन सेटिंग जास्त भडक रंग दाखवणाऱ्या मोडवर. म्हणजे मी जो केशरी पाहत होते त्याहूनही तेजस्वी केशरी त्यांनी मंजूर केला. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद मात्र त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळून उरलेला परत देतो. नेहमीच्या चार शायांत, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक यांत, केशरी बनवायचा तर पूर्ण यलोवर मॅजेंटाचे ठिपके टाकावे लागतात. मी शून्य-सत्तर-शंभर-शून्य असं प्रमाण दिलं होतं. मॅजेंटाची शाई पूर्ण स्वच्छ नसते, जो उजेड तिने परत द्यायला हवा त्यातला थोडा तीही गिळते. त्यामुळे भडक केशरी हा चार रंगांना सगळ्यात कमी झेपणाऱ्या रंगांपैकी एक आहे. त्यावर मॅट लॅमिनेशन चढलं आणि उरलंसुरलं तेज गेलं.

उद्यमनगरातल्या प्रेसमध्ये गेले तेव्हा मशीनमास्तरांनी कार्टन उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "ताई, ह्याला स्पेशल कलरच पायजे. चार कलरात हा उठत नाही." स्पेशल कलर म्हणजे आधीच घोटून तयार केलेली एकच शाई, तिच्यासाठी वेगळी प्लेट. ठिपक्यांचा खेळ नाही, सरळ त्या रंगाचा सपाट थर. आपल्याकडे सगळे त्याला पँटोन म्हणतात, कारण 1963 सालापासून त्याच कंपनीच्या पंख्यासारख्या शेडकार्डावरून नंबर सांगायची पद्धत पडली आहे.

प्रेसमध्ये एक शेडकार्ड होतं. खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, केशरी पानांवर शाईच्या बोटांचे डाग. माझ्या ओळखीच्या एका स्टुडिओतून नवं कार्ड उसनं आणलं आणि दोन्हींतलं एकच नंबरचं पान शेजारी धरलं. जुन्यातला रंग निस्तेज झाला होता आणि खालचा कागद पिवळा पडल्याने तो जास्त मातकट दिसत होता. कार्ड दीड-एक वर्षात बदलावं असं ते बनवणारेच सांगतात. मला आधी ती विक्रीची युक्ती वाटायची, शेजारी ठेवून पाहिल्यावर वाटेनाशी झाली.

इथे मी एक गोष्ट ठरवून केली आणि ती सगळ्यात कामाला आली. लॅपटॉप घरी ठेवला. पडद्यावरचा रंग कार्डात शोधायला गेले असते तर काकूंच्या फोनवरचा रंग कुठेच सापडला नसता, कारण तेवढं तेज नेहमीच्या कुठल्याच शाईत नाही. म्हणून सकाळी अकराच्या सुमारास कार्ड घेऊन थेट गाळ्यावर गेले. दारात, ऊन थेट पडणार नाही अशा सावलीत आम्ही दोघी बसलो. मी त्यांना फोन पाहू दिला नाही. केशरी पानं उघडली आणि पांढऱ्या कागदाला भोक पाडून एका वेळी एकच पट्टी दाखवली, म्हणजे शेजारच्या रंगाचा डोळ्यावर परिणाम होत नाही. शेवटी तीन उरले: `PANTONE 165 C`, `PANTONE Orange 021 C` आणि `PANTONE 1655 C`. पहिला त्यांना "संत्र्याचा" वाटला, तिसरा "लालकडं झुकलेला". मधला त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हां. तव्यावर मिरची परतताना तेलाला येतो तो हा."

हा ऑरेंज 021 मूळ शायांपैकी एक आहे. बाकीचे बहुतेक नंबर मूळ शाया वजनाने मिसळून करतात, हा डब्यातून तसाच येतो. तेव्हा मला वाटलं काम झालं.

मग फाइलची वेळ आली. ॲडोबीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये पँटोनची बरीचशी लायब्ररी आयती मिळत नाही, 2022 च्या शेवटापासून ती काढली गेली आणि वेगळी वर्गणी भरावी लागते. मी घाबरले होते की आता रंग बरोबर कसा द्यायचा. मास्तरांच्या प्रेसमध्ये प्लेट काढणाऱ्या मुलाने मला एका वाक्यात सोडवलं: "मॅडम, प्लेटवर रंग नसतोच की." खरंच आहे. स्पेशल कलरला सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट म्हणतात, आणि स्पॉट स्वॉच म्हणजे प्लेटचं नाव. त्या प्लेटवर फक्त कुठे शाई लागायची आणि कुठे नाही एवढंच असतं. पडद्यावर तो स्वॉच केशरी दिसो की जांभळा, मशीनमध्ये जी शाई ओतली जाईल तीच छापली जाणार. पडद्यावर दिसणारा रंग हा फक्त आपल्या सोयीचा पर्यायी रंग. म्हणूनच डिजिटल प्रिंटरवर काढलेला नमुना पाहून स्पॉट रंग मंजूर करायचा नसतो, तो नमुना बहुतेकदा त्या पर्यायी रंगावरूनच बनलेला असतो. मी नवा स्वॉच केला, प्रकार `Spot Color` ठेवला, नाव अचूक टाकलं आणि दिसण्यापुरता `#FE5000` दिला.

नावाबाबत मात्र एक खड्डा आहे, त्यात मी पडलेच. इलस्ट्रेटरमध्ये `Separations Preview` उघडून `Overprint Preview` वर टिक केली तेव्हा केशरीच्या दोन प्लेटी दिसल्या. पुढच्या बाजूचा लोगो `PANTONE Orange 021 C` होता, मागच्या बाजूचा मी लेटरहेडच्या फाइलमधून उचलला होता, तो `PANTONE Orange 021 U`. शाई एकच. शेवटचं अक्षर फक्त कोणत्या कागदावर ती कशी दिसेल ते सांगतं, सी म्हणजे कोटेड आणि यू म्हणजे अनकोटेड. पण सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी नावं, म्हणून दोन प्लेटी. तसंच गेलं असतं तर एका प्लेटचे पैसे फुकट आणि मशीनवर गोंधळ. दोन्ही स्वॉच एकत्र करून एकच ठेवला.

खर्चाचंही पाहायचं होतं. जुन्या कार्टनवर मसाल्याचा फोटो होता. फोटोला चार रंग लागतात, स्पेशल हा पाचवा, आणि त्या प्रेसचं मशीन चार कलरचं. म्हणजे कागद दुसऱ्यांदा मशीनमधून काढावा लागणार. मी फोटो काढून टाकला आणि त्याजागी पाटा-वरवंट्याचं काळ्या रेषांचं चित्र केलं. आता काम केशरी आणि काळा अशा दोनच रंगांचं राहिलं. काकूंना फोटो गेल्याचं वाईट वाटलं, पण मला अजूनही तो निर्णय पटतो: मिरची-मसाल्याचे फोटो सगळ्याच पाकिटांवर असतात.

आता शाई. मास्तरांनी सांगितलं की मशीनवर चढण्याआधी हाताने नमुना काढू. मी त्यांना आमचाच कागद आणून दिला, 300 जीएसएमचं फोल्डिंग बोर्ड, दुसरा कुठला नाही. त्यांनी काचेवर सुरीने शाई घोटली, दोन ठिपके बोर्डावर ठेवले आणि सुरीच्या पात्याने एका ओढीत खाली ओढले. याला ड्रॉडाउन म्हणतात. वरच्या भागात थर जाड राहतो, खाली पातळ होत जातो. पातळ भागच मशीनच्या थराच्या जवळ असतो, तोच बघायचा. जाड भाग पाहून बरेच जण फसतात, तिथे रंग गडद आणि लालसर दिसतो. बोटाने टॅप करून पसरवलेला ठिपकाही त्यांनी शेजारी काढला.

रंग झळझळीत होता. मी फोटो काढून काकूंना पाठवणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "ओल्या शाईवर भरवसा ठेवायचा नाही ओ. उद्या या." ओली शाई आरशासारखी चकचकीत असते, सुकताना पृष्ठभाग खडबडीत होतो, काही शाई कागदात मुरते आणि रंग थोडा बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच झालं. फरक फार नव्हता, पण होता. आमच्या कोटेड बोर्डावर कमी, त्याच शाईच्या साध्या कागदावरच्या नमुन्यात बराच जास्त.

खरा धक्का लॅमिनेशनने दिला. सुकलेल्या नमुन्याचे दोन तुकडे करून एकावर मॅट आणि एकावर ग्लॉस फिल्म चढवून आणली. ग्लॉसवाला ओल्या शाईच्या जवळ गेला, जणू परत पाणी मारलं. मॅटवाला दुधी झाला. मॅट फिल्म उजेड सगळीकडे विखरून टाकते, त्यातला थोडा पांढरा उजेड रंगात मिसळून डोळ्यात येतो, म्हणून केशरी फिका आणि मंद दिसतो. पहिल्या पाच हजारांत हेच झालं होतं आणि मी दोष फक्त मॅजेंटाला देत बसले होते.

काकूंना मॅटच हवं होतं, हाताला मऊ लागतं म्हणून. तेव्हा आम्ही शाईच थोडी पुढे नेली. मास्तरांच्या 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमचे तीन नमुने केले: शुद्ध 021, त्यात तीन ग्रॅम वॉर्म रेड, आणि त्यात सहा ग्रॅम वॉर्म रेड. तिन्ही सुकवले, तिन्हींवर मॅट चढवली, मागे अंक लिहिले आणि पुढून काहीच लिहिलं नाही. काकूंनी दारातल्या सावलीत तीन ग्रॅमवाला उचलला. त्याला गेलेली चमक परत आली होती असं मी म्हणणार नाही, ती शाईने परत येत नाही. वजन वाढलं होतं, रंग फिका वाटत नव्हता. चमक हवी तिथे म्हणजे फक्त नावाच्या पट्ट्यावर आम्ही वरून स्पॉट युव्ही घेतलं. तेवढा भाग ग्लॉससारखा उठतो आणि बाकी कार्टन मॅट राहतं.

हा रंग आता 021 राहिला नव्हता, म्हणून प्लेटचं नावही बदलून काकूंच्या ब्रँडच्या नावाने ठेवलं. नाहीतर पुढच्या वेळी दुसरा प्रेसवाला प्रामाणिकपणे साधा 021 ओतेल आणि बरोबरच वागला असेल.

किती शाई घोटायची याचा हिशेब मास्तरांनी कागदाच्या तुकड्यावर केला. 18 बाय 23 इंची शीट, त्यावर चार कार्टन, म्हणजे पाच हजारांना 1250 शीट, वेस्टेज धरून 1400. एका शीटचं क्षेत्रफळ साधारण 0.27 चौरस मीटर, केशरी निम्म्या भागावर. सगळं मिळून 190 चौरस मीटरच्या आसपास. सपाट थराला चौरस मीटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास शाई लागते असं धरलं तर 280-290 ग्रॅम. पण मशीनचं शाईपात्र आणि रोलर भरून ठेवायलाच बरीच शाई जाते, आणि मध्येच संपली तर पुन्हा घोटलेली तंतोतंत तशीच येईल याची खात्री नाही. म्हणून एक किलो घोटली. 970 ग्रॅम ऑरेंज, 30 ग्रॅम वॉर्म रेड. शंभराला तीन हे प्रमाण आधीच्या शंभर ग्रॅमवर होतं, त्यामुळे काटेकोर हिशेबाने 29 ग्रॅम यायला हवं होतं. एवढ्याने रंग बदलला नाही, तरी वहीत 970 आणि 30 असंच लिहून ठेवलं आहे, कारण छापलं ते हे आहे.

छपाईच्या दिवशी मी सकाळी आठला पोचले. आदल्या दिवशी मशीनवर एका शेती औषधाच्या कंपनीचं हिरवं काम झालं होतं. रोलर धुतले होते, तरी पहिल्या शीटवरचा केशरी किंचित घाण दिसला. मास्तरांना ते माझ्याआधी दिसलं. केशरी आणि पिवळ्याला मागचा रंग लगेच लागतो, म्हणून त्यांनी पुन्हा धुवायला लावलं. अर्धा तास गेला.

नंतरचं काम पाणी आणि शाईच्या तोलाचं होतं. ऑफसेटमध्ये प्लेट ओली ठेवावी लागते, पाणी जास्त झालं की रंग धुपल्यासारखा होतो, कमी झालं की कोऱ्या भागावर शाई चढू लागते. शीटच्या डाव्या कडेचा केशरी उजवीपेक्षा हलका येत होता, तो त्यांनी त्या भागातली शाई वाढवून जुळवला. दोनेकशे शीट वाया गेल्या, धरलेल्या दीडशेपेक्षा जास्त, पण जादा कागद मागवलेला होता.

जुळवायला आम्ही समोर लॅमिनेट केलेला नमुना ठेवला नाही, कारण मशीनवरून येणारी शीट बिनफिल्मची आणि ओली असते. त्याच शाईचा, त्याच बोर्डावरचा, फिल्म नसलेला सुका नमुना ठेवला, आणि शीट त्याच्याहून नखभर गडद येऊ दिली, सुकल्यावर बसेल म्हणून. हे "नखभर" कसं मोजायचं, असं मी विचारलं. मास्तरांनी मंजूर नमुन्याच्या दोन्ही बाजूंना एक हलका आणि एक गडद तुकडा ठेवला. यांच्या मधे आलं की छापायचं, बाहेर गेलं की थांबायचं.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. प्रेसमधल्या ट्यूबखाली शीट आणि नमुना अगदी सारखे दिसत होते. मी सोबत काकूंच्या मसाल्याचं प्लास्टिक पाउचही आणलं होतं, ते दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या शायांत छापलेलं. तेही ट्यूबखाली जुळलं. दारात नेलं तर पाउच पिवळट आणि कार्टन लालसर. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले दोन रंग एका उजेडात एक होतात आणि दुसऱ्यात फुटतात. शीट आणि नमुना एकाच शाईचे, ते मात्र दारातही एकच राहिले. मोठ्या छापखान्यांत यासाठी 5000 केल्विनचे ठरावीक दिवे असलेली पेटी असते. आमच्याकडे दार होतं, आणि आभाळ भरलेलं नव्हतं. पाउचचं काम त्या दिवशी तसंच बाजूला ठेवलं. पुढे पाउच छापणाऱ्यांना नंबर न देता कार्टनचा तुकडाच दिला.

कार्टन तयार झाल्यावर गोकुळ शिरगावच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये ओळखीने मंजूर नमुना आणि छापलेलं कार्टन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून घेतलं. दोन रंगांतलं अंतर ते यंत्र एका आकड्यात सांगतं, त्याला डेल्टा ई म्हणतात. आमचा 1.4 आला. दोनच्या आत असेल तर शेजारी ठेवूनही बहुतेकांना फरक लागत नाही. त्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते यंत्राने दिलेले मंजूर रंगाचे एल, ए, बी हे तीन आकडे. ते कुठल्याही गावातल्या प्रेसला सांगता येतात, "तव्यावरचं तेल" सांगता येत नाही.

पडद्याचा रंग मी सगळ्यात शेवटी ठरवला. त्या आकड्यांवरून वेबसाइटसाठी हेक्स काढला. तो माझ्या पहिल्या `#FF4D00` पेक्षा शांत होता. काकूंच्या फोनचं सेटिंग त्यांच्या परवानगीने नैसर्गिक मोडवर नेलं, तेव्हा तो कार्टनच्या बराच जवळ आला. त्यांच्या मुलाच्या फोनवर अजून भडक दिसतो, तिथे माझा इलाज नाही.

खाकी कागदी पिशव्यांचा प्रश्न राहिला होता. एका पिशवीवर हाच केशरी छापून पाहिला. ऑफसेटची शाई पारदर्शक, खालचा तपकिरी कागद तिच्यातून वर येतो, म्हणून तो सरळ तांबूस झाला. खाली पांढरा थर दिला तर जमतं, पण पिशवीची किंमत वाढते. काकूंनी पिशवी हातात घेऊन विचारलं, "काळ्यात चांगलं दिसंल का?" पिशव्या काळ्यात छापल्या.

मंजूर तुकड्याचे तीन भाग केले आहेत. मागे तारीख, बोर्डाचं वजन, फिल्मचा प्रकार, शाईचं प्रमाण आणि काकूंची सही. एक त्यांच्या कपाटात, एक मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये, एक माझ्याकडे, तिन्ही काळ्या पाकिटात, उजेडाने उडू नये म्हणून. उरलेल्या शाईच्या डब्यावर प्लास्टिकचा कागद दाबून बसवला होता. दिवाळीच्या ऑर्डरला तो उघडला तेव्हा वर साय धरली होती. मास्तरांनी ती सुरीने काढली, खालची शाई काचेवर ओढली आणि पाकिटातला तुकडा घेऊन दारात गेले.